धागा: लॉजिस्टिक्स क्लायंटला क्लेमचा मासिक अहवाल – ‘अपेक्षित सेटलमेंट’च्या रकान्यात लिहायचं तरी काय?

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका इन्शुरन्स ब्रोकरच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर काम करते. आमचा एक क्लायंट चाकणचा आहे. स्वतःचे २२ ट्रक, एक गोदाम, आणि गरज पडेल तशा बाहेरच्या गाड्या. दर महिन्याच्या ५ तारखेला त्यांच्या मालकांना चालू क्लेमचा अहवाल जातो आणि तो मी लिहिते.

गेल्या महिन्याच्या अहवालावरून मालकांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, तुम्ही १५ जुलै लिहिलं होतं. मी त्या पैशांवर डिझेलवाल्याला शब्द दिला.” मी ‘अपेक्षित’ लिहिलं होतं, त्यांनी ‘नक्की’ वाचलं. खूप वाईट वाटलं, कारण माणूस सज्जन आहे आणि सहज चिडणारा नाही.

उद्या पुढचा अहवाल द्यायचा आहे. मसुदा असा आहे:

१) वॉशिंग मशीन, गाडी उलटली (१९ मे). सर्व्हे झाला. सॅल्व्हेज बाकी. सेटलमेंट: ऑगस्ट अखेर.
२) ऑटो पार्ट, ११ पेट्या कमी (बुकिंग १२ मार्च, डिलिव्हरी २७ मार्च). ट्रान्सपोर्टरचं शॉर्टेज सर्टिफिकेट बाकी. सेटलमेंट: सप्टेंबर.
३) तांब्याची तार, गाडीसकट चोरी (एप्रिल). गाडी रिकामी सापडली. पोलिसांचा अंतिम अहवाल बाकी. सेटलमेंट: ऑक्टोबर.
४) गोदामात पाणी, पॅकिंगचं सामान भिजलं (मे अखेर). १,८६,४०० मंजूर. व्हाउचर सहीला दिलं आहे. सेटलमेंट: सही झाल्यावर आठवड्यात.

तारखा काढून टाकल्या तर मालक म्हणणार, मग अहवाल कशाला? ठेवल्या तर पुन्हा तोच फोन. तुम्ही लोक काय करता?

निखिल_एक्सेल | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

मी एका थ्रीपीएलमध्ये एमआयएस बघतो. सोपं आहे, प्रत्येक क्लेमला टक्केवारी द्या. सर्व्हे झाला २५, कागद पूर्ण ५०, रिपोर्ट ७५, पैसे १००. लाल-पिवळा-हिरवा रंग द्या. आणि तारखेचं म्हणाल तर नियमच आहे, विमा कंपनीने ३० दिवसांत निकाल द्यायचा. आजपासून ३० दिवस धरा. उशीर झाला तर दोष कंपनीचा, तुमचा नाही.

सातारकर_गाडीवाले | ४ ऑगस्ट, सकाळी ११:०५

मॅडम, गाडी उलटली म्हणता तर आधी गाडी क्रेनने काढून गॅरेजला लावू नका, जागेवरचा सर्व्हे मागा. माझी १४ चाकी २०१९ मध्ये खंबाटकीत कलंडली. गाडी हलवली म्हणून चार महिने घोळ घातला. चेसिसचा फोटो काढलाय का?

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, सकाळी ११:१८

दादा, गाडीचा क्लेम वेगळा होता, तो जूनमध्येच मिटला. हा गाडीतल्या मालाचा आहे. तरी धन्यवाद.

निखिल, टक्केवारी आवडली, पण चोरीच्या क्लेममध्ये माझ्याकडचे सगळे कागद पूर्ण आहेत आणि तरी काहीच हलत नाही. तिथे ५० लिहू का ९०?

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मेघना, ३१ वर्षं मालाचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे. तुझा मसुदा दोनदा वाचला. तारखांचं नंतर बघू. त्याआधी पहिल्या क्लेमबद्दल एक प्रश्न: वॉशिंग मशीनची पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

निखिल, मुदतीचा मुद्दा अर्धा बरोबर. मुदत आहे, पण ती सर्व्हे रिपोर्ट कंपनीच्या हातात पडल्यावर सुरू होते, आपण अहवाल लिहायला बसलो त्या दिवसापासून नाही. आणि ३० दिवस हा जुन्या नियमातला आकडा. २०२४ मध्ये नियम बदलले आणि मुदती आखडल्या. पण रिपोर्टच गेला नसेल तर मुदत कितीही लहान असून काय उपयोग? पहिल्या क्लेममध्ये सॅल्व्हेजचा भाव ठरला नाही, म्हणजे रिपोर्ट निघालेला नाही, म्हणजे मोजणी सुरूच झालेली नाही.

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, दुपारी १२:४६

काका, पॉलिसी मशीन बनवणाऱ्या कंपनीची आहे, म्हणजे आमच्या क्लायंटच्या ग्राहकाची. आमचा क्लायंट फक्त वाहतूकदार. त्यांची स्वतःची वाहतूकदार दायित्वाची पॉलिसी आहे, ती आमच्यामार्फत. सर्व्हेअर ग्राहकाच्या कंपनीचा. आम्ही कागद पुरवत होतो म्हणून क्लेम आमच्या यादीत आला.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

मला हीच शंका होती. मग तुझ्या मालकांनी ‘सेटलमेंट: ऑगस्ट अखेर’ वाचून काय समजायचं? त्यांना वाटणार आपल्याला पैसे येणार. खरं तर त्या दिवशी पैसे ग्राहकाला मिळतील, आणि त्यानंतर ग्राहकाची विमा कंपनी सब्रोगेशनचं पत्र हातात घेऊन तुझ्या क्लायंटकडे वसुलीला येईल. तुमच्या अहवालात जो शेवट दिसतो, तिथून त्यांचा खर्च सुरू होतो.

आकडे सांग, मांडून दाखवतो.

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, दुपारी १:३४

१२० मशीन, दर १४,०००. सर्व्हेअरने ४२ बाद धरली. सॅल्व्हेजला आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला भाव १,४०,०००. ग्राहकाच्या पॉलिसीत एक्सेस मालाच्या किमतीच्या १ टक्का. भाडं ३८,००० होतं.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, दुपारी २:१०

४२ मशीनचे ५,८८,०००. त्यातून सॅल्व्हेज १,४०,००० वजा, राहिले ४,४८,०००. एक्सेस पूर्ण खेपेवर, म्हणजे १६,८०,००० वर १ टक्का, १६,८००. ग्राहकाला साधारण ४,३१,२०० मिळतील.

हा आकडा सॅल्व्हेजवर हलतो, म्हणून सॅल्व्हेज रखडलं की सगळं रखडतं. वॉशिंग मशीनच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी बघायचो. खोका फाटलेला आहे म्हणून मशीन बाद धरायचं नाही. खोका उघडायचा, वरची वाहतुकीची पट्टी काढायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. शाफ्ट वाकला असेल तर ड्रम एका जागी घासतो, तो आवाज कानाला कळतो. नुसता बाहेरचा पत्रा चेपलेला असेल तर ते पॅनेल बदलून चालतं आणि भंगारवाल्यापेक्षा दुरुस्तीवाला जास्त भाव देतो. ४२ पैकी किती पत्र्याची आणि किती शाफ्टची, हे वेगळं करून भाव मागवलेत का? एकत्र ढीग लावला तर भाव भंगाराचाच येणार. आणि जितकं सॅल्व्हेज कमी, तितकी उद्याची वसुली मोठी. म्हणजे यात तुझ्या क्लायंटचा स्वतःचा स्वार्थ आहे. मशीन त्यांच्याच गोदामात पडून आहेत ना?

आता खरा प्रश्न. दायित्वाच्या पॉलिसीच्या कंपनीला या अपघाताची सूचना दिली का?

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, दुपारी २:२२

नाही दिली. ग्राहकाचा क्लेम चालू आहे, आपल्याला कोणी काही मागितलं नाही, म्हणून विषयच निघाला नाही. हात गार पडलेत. आत्ता मेल करते.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, दुपारी २:३१

कर, आणि उशिराचं कारण खरं तेच लिही. मागणी येईपर्यंत थांबायचं नसतं. ज्यातून मागणी येऊ शकते अशी घटना घडली की कळवायचं, बहुतेक पॉलिसीत तशी अट असते. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं प्राधिकरणाचं २०११ चं परिपत्रक आहे, त्याचा आधार घेता येईल. पण त्या भरवशावर बसू नये.

अ‍ॅड_मानसी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१५

वाहतुकीचे दावे चालवते, म्हणून दोन मुद्द्यांवर लिहिते.

पहिला, वसुली किती होऊ शकते. २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर मान्य केला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित असते. इथे ३८,००० भाडं, म्हणजे ३,८०,०००. विमा कंपनी ४,३१,२०० मागेल, तुमच्याकडे ३,८०,००० चं उत्तर आहे. पण मेघना, ग्राहकाशी केलेला वार्षिक करार काढून बघा. मोठे ग्राहक त्यात ‘संपूर्ण नुकसान वाहतूकदाराच्या माथी’ असं कलम घालतात आणि लॉजिस्टिक्सवाले न वाचता सही करतात. तसं असेल तर कायद्यातली मर्यादा टिकते की करार वरचढ ठरतो, यावर वाद होतो, आणि मी इथे बसून निकाल सांगणार नाही. तुमच्या दायित्वाच्या पॉलिसीतही करारामुळे वाढलेली जबाबदारी वगळलेली असू शकते, तेही बघा.

दुसरा मुद्दा जास्त तातडीचा आहे. क्लेम नंबर २ मध्ये ट्रान्सपोर्टरला नोटीस दिली का? मसुद्यात कुठे दिसली नाही.

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२८

तिथे आमच्या क्लायंटने माल पार्ट लोड म्हणून दुसऱ्या ट्रान्सपोर्टरकडे बुक केला होता, आणि पॉलिसी आमच्या क्लायंटची. ट्रान्सपोर्टरला मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप गेलेत. रीतसर नोटीस व्हायची आहे. मुदत १८० दिवसांची, म्हणजे २३ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे असं डायरीत लिहिलंय.

निखिल_एक्सेल | ४ ऑगस्ट, दुपारी ३:३५

बरोबर, २७ मार्चपासून १८० दिवस, शीटमध्ये टाकून बघितलं, २३ सप्टेंबर येतं.

अ‍ॅड_मानसी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:५०

बेरीज बरोबर आहे, सुरुवात चुकली. कलम १६ मध्ये मुदत बुकिंगच्या तारखेपासून आहे. डिलिव्हरीपासून नाही आणि तूट कळल्यापासूनही नाही. १८६५ च्या जुन्या कायद्यात नुकसान कळल्यापासून सहा महिने होते, त्यामुळे जुनी माणसं अजून तसंच मोजतात. तुमचं बुकिंग १२ मार्चचं, म्हणजे ८ सप्टेंबर. १५ दिवस कमी झाले.

आणि नोटीस त्यांच्यापर्यंत पोचायला हवी, नुसती धाडून चालणार नाही. लेखी, एलआर नंबर, पेट्यांची संख्या आणि रक्कम घालून, स्पीड पोस्टाने एलआरवरच्या पत्त्यावर आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, दोन्हीकडे. पोचल्याचा पुरावा फाइलला लावा. मेलही असू द्या, पण मेलवर विसंबून कोर्टात भांडण्यापेक्षा पोस्टाचे पैसे खर्च करा.

ही नोटीस राहिली तर ट्रान्सपोर्टरवर दावा करता येत नाही. दावा करता येत नसेल तर विमा कंपनी म्हणते, आमचा वसुलीचा हक्क तुम्ही घालवला.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, दुपारी ४:२५

मानसीताईंनी सांगितलं त्यात फक्त प्रत्यक्ष काय होतं ते जोडतो. अशा फाइलवर कंपनी कधी सरळ नाकारते, कधी काही टक्के कापून तडजोड करते. दोन्हीत क्लायंट म्हणतो, “कापलं का?” आणि उत्तर न दिलेल्या नोटिशीत असतं.

मेघना, त्या ११ पेट्यांचा शेरा एलआरवर आहे का? आणि कोणत्या प्रतीवर?

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, दुपारी ४:४०

माल घेणाऱ्याच्या प्रतीवर आहे. ‘११ पेटी कमी’ असं गोदामवाल्याच्या शिक्क्याखाली निळ्या पेनने. ड्रायव्हरने परत आणलेल्या पीओडीवर मात्र नुसता शिक्का आणि सही, शेरा नाही. शिक्का जांभळा, सही काळ्या पेनची.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०२

मग शॉर्टेज सर्टिफिकेट का येत नाही ते कळलं. ट्रान्सपोर्टरकडे स्वच्छ पीओडी आहे. तो म्हणणार, माल पूर्ण उतरला, शेरा नंतर घरी बसून लिहिला. मी सर्व्हेअर असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता, सही काळ्या शाईत आणि शेरा निळ्या शाईत म्हटल्यावर. खोटं आहे असं म्हणत नाही. बऱ्याचदा गेटवरचा माणूस शिक्का मारतो आणि मोजणारा आत असतो.

अशा वेळी सर्टिफिकेटची वाट बघत ‘बाकी’ ‘बाकी’ लिहीत बसू नका. दुसरा पुरावा उभा करा. त्या दिवसाचं माल घेणाऱ्याचं आवक रजिस्टर, जीआरएन कितीचा निघाला, गेटवरचा कॅमेरा असेल तर उतरवतानाचं चित्रण. मार्चचं चित्रण आता बहुधा पुसलं गेलं असेल, पण जीआरएन कुठे जात नाही. जीआरएन २७ मार्चलाच ११ ने कमी निघाला असेल तर निळ्या शाईचा प्रश्न मिटला. ट्रान्सपोर्टरने सर्टिफिकेट दिलंच नाही तरी नोटीस, तिची पोचपावती आणि आठवणीची पत्रं लावून फाइल पुढे नेता येते, तसं सर्व्हेअरला लेखी विचार.

हिशेबनीस_ताई | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५

मी वाहतूक कंपनीतच अकाउंट्स बघते. चौथ्या क्लेमचं विचारते. क्लायंटने किती मागितले होते? आणि जीएसटी धरून का वगळून?

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०३

मागणी २,४५,००० ची होती. मंजूर १,८६,४००. व्हाउचर १६ जुलैपासून त्यांच्या टेबलावर आहे, मालक सही करत नाहीत. म्हणतात ५८,६०० कशाचे कापले ते सांगा. आत्ता तुमच्या प्रश्नावरून बिलं काढली. करासकट मागितले होते, कर २६,२५०. उरलेल्या ३२,३५० मध्ये सॅल्व्हेज २२,३५० आणि एक्सेस १०,०००.

हिशेबनीस_ताई | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

म्हणजे मूळ मालाच्या किमतीतून सॅल्व्हेज आणि एक्सेसशिवाय काहीच कापलेलं नाही. कर वगळला, कारण खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं असणार. पण नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट कलम १७(५)(ह) नुसार ठेवता येत नाही, उलटवावं लागतं. तुमच्या क्लायंटच्या अकाउंटंटने ते उलटवलं असेल तर २६,२५० त्यांचा खरा तोटा आहे. उलटवल्याचा पुरावा आणि सीएचं पत्र देऊन मागून बघा. मिळतील की नाही ते विम्याची रक्कम ठरवताना कर धरला होता का, यावर आहे. आमच्याकडे एकदा मिळाले, एकदा नाही.

अ‍ॅड_मानसी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

आणि सही अडवून ठेवायचं कारण नाही. व्हाउचरवर सही केली म्हणून पुढे दाद मागायचा हक्क संपत नाही, या अर्थाचं प्राधिकरणाचं परिपत्रक २०१५ मध्ये आलेलं आहे. सहीबरोबर एक पत्र द्या: ही रक्कम स्वीकारतो, कराच्या २६,२५० बाबतचा आमचा मुद्दा राखून. १,८६,४०० तीन आठवडे निष्कारण पडून आहेत.

सातारकर_गाडीवाले | ४ ऑगस्ट, रात्री ८:२०

आता समजलं विषय काय तो. माझं पण असंच काहीसं आहे. एका कंपनीचा माल भिजला, त्यांनी माझ्या भाड्याच्या बिलातून २,१०,००० कापून घेतले. नंतर त्यांच्याच ऑफिसातल्या पोराकडून कळलं की विम्याचेही पैसे आले. आता वर्षाने विमा कंपनीच्या वकिलाची मला नोटीस, पैसे भरा. एका भिजलेल्या मालाचे मी किती वेळा द्यायचे?

अ‍ॅड_मानसी | ४ ऑगस्ट, रात्री ८:५५

दादा, नोटिशीला उत्तर न देता बसू नका. डेबिट नोट आणि ज्या बिलातून कापलं त्याची पेमेंट अ‍ॅडव्हाइस जोडून विमा कंपनीला लिहा, की ही रक्कम तुमच्या विमेदाराला आधीच मिळाली आहे. विमा कंपनीला विमेदाराच्याच हक्काने वसुली करता येते, आणि तो हक्क तुम्ही पैसे देऊन बऱ्याच अंशी भागवलेला आहे. डेबिट नोटवर एलआर नंबर आहे का, एवढं बघा. नुसतं ‘नुकसान भरपाई’ लिहिलं असेल तर जोडणी सिद्ध करायला त्रास होईल.

सातारकर_गाडीवाले | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

डेबिट नोटच दिली नाही हो त्यांनी. पेमेंट कमी आलं, एवढंच. उद्या त्यांच्या अकाउंटला जाऊन बसतो.

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

दादांची गोष्ट वाचून आमच्या क्लायंटला फोन केला. वॉशिंग मशीनवाल्या ग्राहकाने जूनच्या बिलातून १,००,००० ‘होल्ड’ केलेत! मालकांना वाटलं हिशेबातला फरक असेल.

चोरीचं राहिलं. तिथे काय लिहू?

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

आधी पॉलिसीचं क्लॉज बघ. ट्रान्झिट क्लॉज ए असेल तर चोरी येते, बी असेल तर येत नाही आणि पुढची सगळी पत्रं व्यर्थ.

मेघना_चाकण | ४ ऑगस्ट, रात्री १०:०९

ए आहे काका, बघितलं.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, रात्री १०:३८

मग ठीक. आता अडकलंय ते पोलिसांच्या ‘अ समरी’वर, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर करायचा. त्याला किती महिने लागतील हे ठाणेदारही सांगू शकत नाही. तिथे ‘ऑक्टोबर’ लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने शब्द देणं. तू लिहू शकतेस ते एवढंच: तपास अधिकाऱ्याला शेवटचं कधी भेटलो, अहवाल कोर्टात गेला की नाही, आणि पुढची भेट कधी. काही कंपन्या हमीपत्र घेऊन समरीच्या आधीही रक्कम देतात, माल सापडला तर परत करू असं त्यात असतं. विचारायला हरकत नाही, एकदा लेखी विचार.

टक्केवारीचं निखिलला सांगतो: चोरीची फाइल ९० टक्क्यांवर वर्षभर बसू शकते आणि मालक रोज त्या ९० कडे बघून चिडतील. माझ्या मते एकच रकाना मोठा करावा, ‘आता कोणी काय करायचं आहे’. त्यात माणूस किंवा ऑफिस, आणि आपल्या हातातलं असेल तरच तारीख.

निखिल_एक्सेल | ४ ऑगस्ट, रात्री १०:५२

पटलं काका. फक्त रक्कम तरी दाखवावी ना? मालकाला रोख पैशांचं गणित मांडायचं असतं.

जुना_सर्व्हेअर | ४ ऑगस्ट, रात्री ११:०४

रिपोर्ट निघण्याआधी मी तरी रक्कम लिहिली नसती. पण मी कंपनीच्या बाजूने बसायचो, मालकाच्या खुर्चीत कधी बसलो नाही.

हिशेबनीस_ताई | ५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी त्या खुर्चीशेजारी बसते, म्हणून सांगते, रक्कम लिहा. येणारे वेगळे आणि जाऊ शकणारे वेगळे. मंजूर झालेली रक्कमच ‘येणार’ म्हणून लिहा, बाकीच्यांपुढे फक्त मागणी किती होती ते.

मेघना_चाकण | ५ ऑगस्ट, दुपारी १:१५

रात्री बसून नवीन लिहिला आणि सकाळी साहेबांना दाखवून पाठवला. नावं काढून इथे टाकते:

“मा. महोदय,
४ ऑगस्ट रोजीची आपल्या चार प्रकरणांची स्थिती कळवत आहे. यावेळी आपल्याला येणे असलेली आणि आपल्यावर येऊ शकणारी प्रकरणे वेगळी केली आहेत. मागील अहवालात ती एकत्र होती, ती आमची चूक.

आपल्याला येणे.

गोदाम, भिजलेले पॅकिंग सामान: मंजूर रक्कम १,८६,४००. व्हाउचर १६ जुलैपासून आपल्याकडे सहीसाठी आहे. मागणीतील फरकाचा हिशेब सोबत जोडला आहे. कराच्या २६,२५० चा मुद्दा राखून ठेवणारे पत्र तयार आहे. व्हाउचर आणि पत्र, दोन्हीवर सही मिळाल्यास त्याच दिवशी कंपनीकडे पाठवू. क्रेडिट उलटवले आहे का, हे आपल्या सीएंकडून कळवावे.

ऑटो पार्ट, ११ पेट्या: सर्व्हे रिपोर्ट निघालेला नाही. ट्रान्सपोर्टरला द्यावयाच्या लेखी नोटिशीची शेवटची तारीख ८ सप्टेंबर आहे. आम्ही पूर्वी कळवलेली २३ सप्टेंबर ही तारीख चुकीची होती. नोटिशीचा मसुदा जोडला आहे, ८ ऑगस्टपर्यंत सही करून द्यावा, पोस्टाचे आम्ही पाहू. माल घेणाऱ्याकडून २७ मार्चचा जीआरएन आणि आवक रजिस्टरची प्रत आपण मागवावी. हे हाती आल्यावर सर्व्हेअरला रिपोर्ट पूर्ण करण्याची विनंती करू. रक्कम त्यानंतरच सांगता येईल.

तांब्याची तार, चोरी: आपल्या बाजूचे सर्व कागद पूर्ण. पोलिसांचा अंतिम अहवाल आणि त्याला न्यायालयाची मंजुरी बाकी. याची तारीख आम्ही सांगू शकत नाही. आपल्या माणसाने १२ ऑगस्टला तपास अधिकाऱ्यांना भेटून अहवाल कोर्टात दाखल झाला का ते पाहावे. हमीपत्रावर आधी रक्कम देता येईल का, असे कंपनीला लेखी विचारले आहे.

आपल्यावर येऊ शकणारे.

वॉशिंग मशीन, १९ मे चा अपघात: हा क्लेम आपल्या ग्राहकाच्या पॉलिसीत आहे, त्याची रक्कम आपल्याला मिळणार नाही. ग्राहकाला रक्कम मिळाल्यावर त्यांची विमा कंपनी आपल्याकडे वसुलीची मागणी करू शकते. म्हणून आपल्या दायित्व पॉलिसीत ४ ऑगस्टला सूचना दिली आहे. ती उशिरा दिली गेली, यात आमची जबाबदारी आम्ही मान्य करतो. कोणतेही मागणीपत्र आल्यास उत्तर न देता, जबाबदारी मान्य न करता, त्याच दिवशी आम्हाला पाठवावे. ग्राहकाने रोखलेल्या १,००,००० बद्दल एलआर नंबरसह लेखी डेबिट नोट मागावी. आपल्या गोदामातील ४२ मशीन पत्रा चेपलेली आणि आतून बिघडलेली अशी वेगळी करून ठेवावीत. सर्व्हेअरच्या संमतीने दोन्हींचे वेगळे भाव मागवू. ग्राहकाशी झालेल्या वार्षिक कराराची प्रत पाठवावी.”

जुना_सर्व्हेअर | ५ ऑगस्ट, दुपारी २:४०

चूक मान्य केलीस ते फार चांगलं केलंस. मशीन वेगळी करताना प्रत्येकाच्या सिरीयल नंबरचा फोटो घ्यायला सांग, नाहीतर नंतर कोणतं मशीन कुठल्या ढिगातलं यावर वाद होतो.

मेघना_चाकण | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

मालकांचा फोन आला होता. व्हाउचरवर आणि पत्रावर सही झाली. नोटीस काल दोन्ही पत्त्यांवर गेली. जीआरएनही आला, २७ मार्चच्याच तारखेचा आणि ११ पेट्या कमी दाखवणारा. सर्व्हेअरला पाठवला.

दायित्वाच्या कंपनीने मात्र पत्र पाठवलं आहे: ‘अडीच महिने उशीर का, खुलासा द्यावा.’ आणि वार्षिक करारात मानसीताई म्हणाल्या तसं कलम निघालं: ‘वाहतुकीतील संपूर्ण नुकसान वाहतूकदार भरून देईल.’ ताई, करार आणि पॉलिसीची वगळणूक, दोन्ही पानं तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. खुलाशाला सोमवारपर्यंत वेळ आहे.

अ‍ॅड_मानसी | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पाठवा. मी वाचेपर्यंत खुलाशात कराराचा उल्लेख करू नका. सध्या फक्त उशिराचं कारण लिहा.